वादाची चाहूल लागली की आधी डिलीट थांबवा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ते ओसरल्यावर कित्येक आठवडे माझ्यासारख्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना एकच काम होते. चिखलाने भरलेला सीपीयू उघडायचा, हार्ड डिस्क बाहेर काढायची आणि मालकाला विचारायचे, यात काय होते? उत्तर ठरलेले असे: टॅली आणि मेल. टॅलीचा बॅकअप बऱ्याच जणांनी पेनड्राइव्हवर घेतलेला असे किंवा सीएच्या ऑफिसात एखादी प्रत सापडे. मेलचा बॅकअप मात्र क्वचितच कुणाकडे असे. मेल इंटरनेटवर असतो, तो कसा बुडेल, अशी सगळ्यांची समजूत होती.

तो बुडत होता. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांचा मेल वेबसाइटवाल्याने दिलेल्या स्वस्त होस्टिंगवर असतो आणि काउंटरवरच्या आउटलुकमध्ये पॉप पद्धतीने उतरवला जातो. या पद्धतीत आलेला मेल कॉम्प्युटरवरच्या एका `.pst` फाइलमध्ये जातो. सर्व्हरवर त्याची प्रत किती दिवस ठेवायची हे एक सेटिंग ठरवते, `Remove from server after 14 days`. हे 14 दिवस आउटलुक स्वतःच भरून देते आणि सहसा कोणी ते बदलत नाही. म्हणजे 22 जुलैला मशीन बुडाले तर सर्व्हरवर साधारण 8 जुलैनंतर आलेलेच मेल शिल्लक. पाठवलेल्या मेलची गत याहून वाईट. पॉपमध्ये पाठवलेला मेल सर्व्हरवर राहतच नाही, त्याची प्रत फक्त त्या `.pst` मध्ये असते.

आता पुराचा विमा दावा डोळ्यांसमोर आणा. सगळा वाद एका प्रश्नाभोवती फिरतो: त्या दिवशी दुकानात आणि गोदामात किती माल होता? कॅश क्रेडिट घेतलेला व्यापारी दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट पाठवतो. जूनअखेरचे स्टेटमेंट त्याने 5 जुलैला मेल केले असेल तर त्याच्याकडची एकुलती एक प्रत चिखलात गेली. दुसरी बँकेच्या मेलबॉक्समध्ये आहे, आणि ती किती दिवस राहील हे बँकेचे धोरण ठरवणार.

पुराचे पाणी कोणाच्या हातात नव्हते. पण त्यानंतरच्या वर्षभरात जे पुरावे गेले, त्यांतले पुष्कळसे कोणी मुद्दाम नष्ट केले नव्हते आणि ते वाचवता आले असते. रोजची साफसफाई करणारी सेटिंग्ज आपले काम करत राहिली आणि त्यांना कोणी थांबवले नाही. कायद्याच्या व्यवहारात या थांबवण्याला ‘लीगल होल्ड’ म्हणतात. वाद उभा राहतोय असे दिसले की त्या वादाशी संबंध असलेल्या माणसांच्या मेलबॉक्सवर आणि संदेशांवर आपोआप होणारे डिलीट बंद करायचे, आणि वाद पूर्ण मिटेपर्यंत ते बंद ठेवायचे.

खरा प्रश्न ‘कधीपासून’ हा आहे. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात मिळाले. लॉरा झुबुलेक या यूबीएस बँकेच्या कर्मचारी. स्त्री म्हणून भेदभाव झाला, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी ऑगस्ट 2001 मध्ये सरकारी आयोगाकडे नोंदवली. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी 2003 मध्ये ठरवले की पुरावा जपण्याची बँकेची जबाबदारी तक्रारीच्या तारखेपासून सुरू झाली नाही, ती एप्रिलमध्येच सुरू झाली होती. कारण त्यांच्या वरिष्ठांनी आपापसांतल्या मेलवर तेव्हापासूनच ‘वकील-अशील गोपनीय’ असा शेरा मारायला सुरुवात केली होती. वाद कोर्टात जाणार हे त्यांना कळले होते, याची साक्ष त्यांचेच मेल देत होते. पुढे काही मेल डिलीट झालेले आणि बॅकअपच्या काही टेप हरवलेल्या निघाल्या. जे मेल मिळत नाहीत ते बँकेच्या विरोधात जाणारे होते असे मानायला हरकत नाही, असे ज्यूरीला सांगितले जाईल, असा आदेश 2004 मध्ये निघाला. 2005 मध्ये ज्यूरीने 2 कोटी 93 लाख डॉलर भरपाई दिली.

आपल्याकडे ‘वादाची चाहूल लागताच मेल जपा’ असे सरळ सांगणारे एखादे कलम नाही. पण त्याच दिशेला नेणारी कलमे आहेत. जो पुरावा हजर करता आला असता तो केला नाही, तर तो त्या पक्षाच्या विरोधात गेला असता असे कोर्ट मानू शकते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 114 मधले हे उदाहरण आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मध्ये आहे. कोर्टात हजर करावा लागू शकेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद, ती हजर होऊ नये म्हणून नष्ट केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे हेतू लागतो, चुकून गेलेल्या मेलला हे कलम लागत नाही. व्यापारी दाव्यांत 2015 च्या कायद्याने आणखी एक गोष्ट आणली. आपल्या ताब्यातले वादाशी संबंधित सगळे कागद उघड करायचे, ते आपल्या बाजूचे असोत वा विरोधातले. मेलबाबत तर तो आयडी कोणाच्या मालकीचा, कोणाच्या ताब्यात आणि कोण तो उघडू शकते, हेही शपथेवर सांगावे लागते. ज्या दुकानात एकाच आयडीचा पासवर्ड मालक, मुलगा आणि हिशेबनीस अशा तिघांना माहीत असतो, तिथे हे सांगताना काय होते ते मी पाहिले आहे.

माझ्या मते म्हणूनच कोर्टाच्या समन्सची किंवा वकिलाच्या नोटिशीची वाट बघणे ही मूळ चूक. घड्याळे त्याच्या आधीच धावायला लागलेली असतात.

एक उदाहरण घेऊन तारखा मांडून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण यातली प्रत्येक मुदत खरी आहे. समजा, बाजारपेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानाने पुरानंतर लगेच मेल गूगल वर्कस्पेसवर नेला. विमा कंपनीच्या सर्व्हेयरचा 18 ऑगस्टला मेल आला: तुम्ही सांगता तेवढा माल बँकेच्या स्टेटमेंटशी जुळत नाही, खुलासा करा. 1 सप्टेंबरला जागा भरत आली म्हणून हिशेबनिसाने मोठे फोटो जोडलेले मेल डिलीट केले. त्यात पाणी ओसरल्यावरचे गोदामाचे फोटोही गेले. 31 ऑक्टोबरला हिशेबनिसाने नोकरी सोडली आणि त्याच्या खात्याचे महिन्याचे पैसे वाचवायला मालकाने 5 नोव्हेंबरला ते खाते काढून टाकले. जानेवारीत कंपनीचे पत्र आले, दावा निम्म्याहून कमी रकमेला मंजूर. मग मालक वकिलाकडे गेले आणि वकिलांनी मेल मागितले.

जीमेलमध्ये डिलीट केलेला मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतो. म्हणजे ते फोटो 1 ऑक्टोबरला ट्रॅशमधून गेले. त्यानंतर 25 दिवस वर्कस्पेसचा ॲडमिन ते परत आणू शकतो, म्हणजे 26 ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत. काढून टाकलेले खाते 20 दिवसांत परत आणता येते, ती मुदत 25 नोव्हेंबरला संपली. जानेवारीत यातले काहीच हाती लागत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षे आहेत. तक्रारीची मुदत अजून शिल्लक आणि पुराव्याची मुदत कधीच संपलेली. 18 ऑगस्टच्या मेलमध्ये ‘खुलासा करा’ हे शब्द वाचले तीच वेळ होती. त्या दिवशी होल्ड लावला असता आणि नंतर ते खाते काढून टाकले नसते, तर यातला एकही मेल गेला नसता.

तो लावायचा कसा? पहिले काम कॉम्प्युटरवरचे नाहीच, कागदावरचे आहे. या वादात कोणाकोणाने लिहिले, बोलले, फोटो काढले त्यांची नावे काढायची. मालक आणि हिशेबनीस सगळ्यांना आठवतात. गोदाम बघणारा, माल आणणारा टेम्पोवाला, अर्धवेळ येणारा टॅलीवाला आणि विमा एजंटशी बोलणारा मुलगा विसरतात. जे आपल्या हाताखाली आहेत त्या प्रत्येकाला लेखीही सांगायचे. मी लोकांना साधारण असा मजकूर देतो:

‘पुराच्या विमा दाव्यावरून वाद होण्याची शक्यता आहे. 1 एप्रिल 2021 पासूनचे माल, खरेदी, गोदाम, बँक, विमा कंपनी, एजंट किंवा सर्व्हेयर यांच्याशी संबंधित मेल, व्हॉट्सॲप संदेश, फोटो आणि व्हॉइस मेसेज काढून टाकू नका. स्वतःच्या फोनवरचेही. आपल्या विरोधात जाईल असे वाटले तरी ठेवा. फोन बदलायचा, फॉरमॅट करायचा किंवा नंबर बंद करायचा असेल तर आधी मला सांगा. मी लेखी कळवेपर्यंत हे चालू राहील.’ खाली तारीख आणि वाचल्याची सही.

‘विरोधात जाईल असे वाटले तरी’ हे शब्द गाळू नयेत. माणसे भल्या हेतूने, मालकाला त्रास नको म्हणून, नेमके तेच मेल काढून टाकतात.

पण निव्वळ सूचनेवर विसंबू नये. गूगलचाच अनुभव बघा. तिथल्या अंतर्गत चॅटमध्ये हिस्ट्री बंद असली की संदेश 24 तासांत पुसले जात. खटला सुरू असताना ती चालू करायची की नाही हे कंपनीने ज्याच्या त्याच्यावर सोडले. मार्च 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी यावर कडक ठपका ठेवला. सूचना आणि सेटिंग दोन्ही लागतात.

वर्कस्पेसमध्ये हे सेटिंग व्हॉल्ट नावाच्या भागात असते. तिथे एक ‘मॅटर’ उघडायचे, म्हणजे या वादाची फाइल, आणि त्यात त्या माणसांच्या खात्यांवर होल्ड लावायचा. त्यानंतर त्यांनी मेल डिलीट केला, ट्रॅश रिकामा केला, तरी त्यांच्या स्क्रीनवरून तो जातो, व्हॉल्टमध्ये राहतो. इथे दोन खड्डे आहेत. व्हॉल्ट स्वस्त प्लॅनमध्ये मिळत नाही. बिझनेस प्लस किंवा त्यावरचा प्लॅन लागतो आणि आपल्याकडची बहुतेक दुकाने त्याखालच्या प्लॅनवर असतात. वाद लाखोंचा असेल तर तेवढ्या काळापुरता प्लॅन वाढवणे परवडते. दुसरा खड्डा अधिक खोल: होल्ड असला तरी ते खातेच काढून टाकले तर त्यातला मेलही जातो. नोकरी सोडणाऱ्याचे खाते बंद करायचे ते पासवर्ड बदलून, डिलीट करून नव्हे.

मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये याच्या उलट आहे. तिथे होल्ड लावलेल्या मेलबॉक्सचे खाते काढले तरी मेलबॉक्स निष्क्रिय अवस्थेत जपला जातो. होल्ड नसेल तर डिलीटेड आयटम्समधूनही काढलेला मेल मुळात फक्त 14 दिवस परत मिळतो. होल्ड लावण्यासाठी ॲडमिनने द्यायच्या आज्ञा दोन ओळींच्या आहेत:

```
Set-Mailbox accounts@example.com -LitigationHoldEnabled $true
Get-Mailbox accounts@example.com | Format-List LitigationHold*
```

पहिली ओळ होल्ड लावते, दुसरी तो लागला का ते दाखवते. लागू व्हायला 240 मिनिटे लागू शकतात, अशी सूचना स्क्रीनवर येते. म्हणून आधी होल्ड लावावा आणि तो लागू झाल्यावर लोकांना सांगावे. उलटे केले तर मधल्या चार तासांत कोणी घाबरून सफाई करू शकते.

होल्ड खरेच काम करतो का हे पाहण्याची माझी पद्धत सोपी आहे. त्या खात्यावर एक साधा मेल पाठवायचा, विषयात सहसा न येणारा शब्द, उदाहरणार्थ ‘गोवळकोट चाचणी’. तो डिलीट करायचा, ट्रॅशही रिकामा करायचा. ॲडमिनला परत आणता येण्याची 25 दिवसांची मुदत उलटून गेल्यावर व्हॉल्टमध्ये तो शब्द शोधायचा. सापडला तर होल्ड लागलेला आहे. न सापडल्यास चुकीच्या खात्यावर तरी लावलाय, नाहीतर तारखांची मर्यादा चुकली आहे. स्क्रीनवर होल्डचे नाव दिसते म्हणून निर्धास्त झालेले आणि नंतर पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

ज्यांच्याकडे साधे, फुकटचे जीमेल आहे त्यांना होल्डची सोयच नाही. त्यांनी गूगल टेकआउटने पूर्ण मेलबॉक्स उतरवून घ्यावा. पण ती त्या दिवसाची प्रत असते, पुढचे डिलीट ती थांबवत नाही. म्हणून वाद चालेपर्यंत दर महिन्याला नवी प्रत घ्यावी आणि जुनी तशीच ठेवावी. पॉपवाल्यांनी तर त्याच मिनिटाला 14 दिवसांचे ते खूण केलेले घर रिकामे करावे.

आपल्या भागातले निम्मे व्यवहार मेलवर होतच नाहीत, व्हॉट्सॲपवर होतात. तिथले घड्याळ म्हणजे अदृश्य होणारे संदेश: 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस. दोघांच्या चॅटमध्ये हे समोरचा माणूसही चालू करू शकतो. तसे केले की चॅटमध्ये मधोमध लहान अक्षरात एक ओळ येते आणि आपण ती न वाचता पुढे जातो. ते आधीच्या संदेशांना लागत नाही, नंतरच्यांना लागते. त्यामुळे ती ओळ दिसताच बंद करावे आणि तो क्षण स्क्रीनशॉटने नोंदवावा. चॅट एक्स्पोर्ट करता येते, पण फोटोंसह शेवटचे 10,000 आणि फोटोंशिवाय 40,000 संदेशच येतात. मोठ्या ग्रुपमध्ये पुराच्या दिवसाचे संदेश या मर्यादेबाहेर राहू शकतात. एक्स्पोर्ट झालेल्या फाइलचा पहिला संदेश कोणत्या तारखेचा आहे, ते उघडून बघावे. आणि एक्स्पोर्ट हातात आला म्हणून फोन विकू नये. मूळ फोन हाच भक्कम पुरावा.

हे ‘मूळ’ प्रकरण महाराष्ट्रानेच देशाला शिकवले. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबर 2014 ला दुपारी तीनची वेळ टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, त्यांचे चित्रीकरण होते. त्याच्या सीडी मिळाल्या, पण ‘ही नोंद आमच्या यंत्रातली आहे’ असे कलम 65ब चे प्रमाणपत्र पुनःपुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले की मूळ यंत्रच हजर केले तर प्रमाणपत्र नको, प्रत दिली तर ते लागतेच. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल आणि मागणाऱ्याने आपल्या परीने सर्व केले असेल, तर मागणाऱ्याचे नुकसान करता येणार नाही. त्याच निकालात एक निर्देश आहे, तो पुरेसा चर्चिला गेला नाही. तपासात कॉलच्या नोंदी जप्त झाल्या तर मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांनी त्या काळातल्या संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात. तेव्हा परवान्याप्रमाणे या नोंदी वर्षभरच ठेवणे सक्तीचे होते, डिसेंबर 2021 मध्ये ती मुदत दोन वर्षे झाली. खटले त्याहून कितीतरी लांबतात. खुद्द देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घातलेला हा होल्डच आहे, फक्त तो फौजदारी खटल्यांपुरता.

चिपळूणच्या व्यापाऱ्याला जालन्यातून घेण्यासारखे ते ‘आपल्या परीने सर्व केले’ हे. आपली प्रत बुडाली आणि दुसरी बँकेकडे आहे, तर बँकेला लगेच लेखी पत्र द्यावे: अमुक आयडीवरून तमुक तारखांना आलेले स्टॉक स्टेटमेंटचे मेल जपून ठेवा आणि प्रती द्या. पोच घ्यावी. असेच पत्र विमा कंपनीला आणि सर्व्हेयरला. ते मेल पुढे मिळाले नाहीत तर ही पोच आपल्या बाजूने बोलते.

जपलेले कोर्टात टिकायचे असेल तर नंतर बदल झाला नाही हे दाखवावे लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच दिली आहे, एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. विंडोजमध्ये वेगळे काही बसवावे लागत नाही:

```
certutil -hashfile D:\dava\accounts.pst SHA256
```

येणारी 64 अक्षरे तारखेसह वहीत उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतर ती फाइल आउटलुकमध्ये उघडू नये. नुसती उघडली तरी आउटलुक तिच्यात लिहिते आणि ठसा जुळत नाही. वाचायची असेल तर कॉपी करून ती वाचावी. एकेक मेल वकिलांना द्यायचा तर फॉरवर्ड करू नये. फॉरवर्ड केला की तो नवा मेल होतो आणि कोणत्या सर्व्हरवरून कधी आला ही वरची नोंद गळून पडते. जीमेलमध्ये `Show original` उघडून तिथून मूळ मेल फाइल म्हणून उतरवता येतो, तीच द्यावी.

होल्ड काढण्याचीही एक वेळ असते. जिल्हा आयोगाचा निकाल लागला की संपले असे लोक धरतात, पण राज्य आयोगाकडे अपिलाला 45 दिवस आहेत आणि पुढची पायरीही आहे. वकिलांनी लेखी सांगितल्यावरच आधी दिलेल्या सूचनेच्या खाली ‘आजपासून बंद’ असे लिहून तारीख टाकावी, ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्या पुन्हा घ्याव्यात, आणि त्यानंतर व्हॉल्टमधला होल्ड काढावा. तो काढल्यावर इतके दिवस अडलेले मेल एकदम जाऊ शकतात, म्हणून त्याच्या आदल्या दिवशी मॅटरचा पूर्ण एक्स्पोर्ट घ्यावा आणि त्याची हार्ड डिस्क दुकानात ठेवू नये. आमच्या गावात ती पहिल्या मजल्यावरही नको, कारण 2021 मध्ये पाणी तिथपर्यंत चढलेले अनेकांनी पाहिले आहे.